तेरीज जुळत नाही, किंवा जुळते आणि तरी ताळेबंद खोटा: चूक कुठून शोधायची

आधी लक्षणं. यातलं तुमच्याकडे कोणतं आहे ते ठरवा, कारण शोध त्यावरून सुरू होतो.

तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी. तिच्या नावे बाजू आणि जमा बाजू यांच्या बेरजा वेगळ्या येतात. फरक कधी चाळीस रुपयांचा असतो, कधी चाळीस हजारांचा.

किंवा हिशेब टॅलीत आहे आणि ताळेबंदात एक आगंतुक ओळ येऊन बसली आहे: `Difference in opening balances`.

किंवा वर्षाच्या मधल्या एखाद्या तारखेला रोख शिल्लक उणे दिसते. गल्ल्यात उणे पैसे असू शकत नाहीत, तेव्हा ही नक्की नोंदीचीच चूक.

आणि शेवटचं लक्षण, जे लोक लक्षणच समजत नाहीत. सगळं पैशापैशाला जुळतं, पण कर्जाचा आकडा बँकेच्या उताऱ्यापेक्षा वेगळा आहे, डिसेंबरात राहून परत गेलेले पाहुणे मार्चअखेर अजून तुमचे देणेकरी दिसतात, किंवा नफा लाखात आहे आणि बँकेत त्याचा मागमूस नाही.

मी गोव्यातल्या म्हापशात बसतो. दुकानदार, काजूवाले, आणि आता किनाऱ्यालगत घराच्या खोल्या पर्यटकांना देणारे, असे लहान व्यवसायांचे हिशेब लिहितो. एप्रिल उजाडला की शुक्रवारच्या बाजाराला आलेली मंडळी भाजीच्या पिशवीबरोबर वहीपण आणतात आणि टेबलावर ठेवून म्हणतात, "जुळत नाही, बघा." गेली कित्येक वर्षं मी तीच पाच-सहा कारणं पुन्हा पुन्हा काढून देतो आहे. ती इथे स्वस्तातून महागाकडे अशा क्रमाने लिहितो.

आधी समीकरण, पण एका घराचं

मालमत्ता = देणी + भांडवल. ही ओळ अकरावी कॉमर्सला सगळ्यांनी पाठ केलेली असते आणि बारावीच्या परीक्षेनंतर विसरलेली असते. मांद्र्याच्या बाजूला सहा खोल्यांचं घर चालवणारं एक जोडपं आहे, असं धरू, आणि त्यांचे व्यवहार एकेक करून पाहू. आकडे मी सोपे घेतले आहेत.

मालकाने स्वतःचे ५,००,००० बँकेत घातले. मालमत्ता ५,००,०००, भांडवल ५,००,०००. देणं काही नाही.

बँकेने ३,००,००० कर्ज दिलं. मालमत्ता ८,००,००० झाली, देणी ३,००,०००, भांडवल होतं तेवढंच. कर्ज मिळाल्याने माणूस श्रीमंत होत नाही, हे इथे आकड्यात दिसतं.

१,६०,००० चे चार एसी घेतले. बँकेतले पैसे कमी झाले, एसी वाढले. एक मालमत्ता गेली, दुसरी आली. बेरीज ८,००,००० च राहिली आणि उजव्या बाजूला काहीच हललं नाही. दोन्ही नोंदी समीकरणाच्या एकाच बाजूला पडू शकतात, हे बऱ्याच जणांना पटत नाही. त्यांना वाटतं नावे म्हणजे डावीकडे, जमा म्हणजे उजवीकडे, आणि दोन्हीकडे काहीतरी वाढलंच पाहिजे.

पुण्याच्या एका कुटुंबाने मे महिन्यासाठी १२,००० आगाऊ पाठवले. मालमत्ता ८,१२,०००. हे पैसे अजून कमावलेले नाहीत, पाहुणे आलेच नाहीत तर परत द्यावे लागतील. म्हणून देणी ३,१२,००० आणि भांडवल ५,००,०००.

मे महिन्यात ते राहून गेले. बिल ३०,०००, उरलेले १८,००० त्यांनी यूपीआयने दिले. आता बँकेत १८,००० वाढले, १२,००० चं देणं मिटलं, आणि ३०,००० उत्पन्न झालं. उत्पन्न म्हणजे भांडवलात भर. मालमत्ता ८,३०,०००, देणी ३,००,०००, भांडवल ५,३०,०००.

कर्जाचा १०,००० चा हप्ता गेला. व्याजदर दहा टक्के धरला तर पहिल्या महिन्याचं व्याज २,५०० आणि मुद्दल ७,५००. मुद्दलामुळे देणं घटलं, व्याजामुळे भांडवल घटलं. मालमत्ता ८,२०,०००, देणी २,९२,५००, भांडवल ५,२७,५००.

चवथीला घरासाठी मालकाने १५,००० काढले. माटोळी, कपडे, पाहुणचार, सगळं त्यात आलं. मालमत्ता ८,०५,०००, भांडवल ५,१२,५००, देणी तीच २,९२,५००. हा खर्च धंद्याचा नाही, मालकाची उचल आहे.

एसी कालांतराने झिजतात, त्याचा घसारा वर्षअखेर येईल. तो इथे बाजूला ठेवतो.

नावे-जमेचा नियम या समीकरणातूनच येतो. मालमत्ता आणि खर्च वाढले की नावे, देणी, भांडवल आणि उत्पन्न वाढलं की जमा. घटलं की उलट. यापेक्षा जास्त पाठांतर लागत नाही.

पहिली तपासणी: बेरीजच चुकली आहे का

हसू नका. दर वर्षी माझ्याकडे येणाऱ्या न जुळणाऱ्या तेरजांपैकी बऱ्याच इथेच सुटतात आणि यात फक्त वेळ जातो, पैसा नाही.

वहीत असेल तर पानाच्या तळाची बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर तशीच उतरली आहे का, हे आधी बघा. बेरीज स्वतः पुन्हा करताना खालून वर करा. वरून खाली केली की डोळा तीच चूक तशीच करतो.

एक्सेलमध्ये असेल तर दोन गोष्टी. शेवटी घातलेल्या ओळी बेरजेच्या पट्ट्यात आल्या आहेत का? आणि एखादा आकडा आकडा नसून मजकूर झाला आहे का? बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या उताऱ्यात असं नेहमी होतं. आकडा दिसतो आकड्यासारखाच, पण खान्याच्या डाव्या कडेला चिकटलेला असतो, आणि `SUM` त्याला मोजत नाही, न सांगता सोडून देतो. संशय आला की शेजारच्या रिकाम्या खान्यात हे लिहा:

```
=ISNUMBER(C14)
```

उत्तर `FALSE` आलं तर चोर सापडला.

दुसरी तपासणी: फरकाचा आकडा वाचा

बेरजा बरोबर आहेत आणि फरक खरा आहे, तर आता वही उघडायची नाही. फरकाकडे बघायचं. तो आकडा बहुतेक वेळा आपलं कारण स्वतःच सांगतो.

पहिलं, नेमकी तेवढीच रक्कम कुठे आहे का ते शोधा. असेल तर नोंदीचा एक पाय लिहायचा राहिला असेल. वीजबिल रोजकीर्दीत गेलं, पण खतावणीत वीजखर्चाच्या खात्यावर उतरवलंच नाही, अशी ही चूक.

दुसरं, फरकाची निम्मी रक्कम शोधा. रक्कम चुकीच्या बाजूला पडली की ती एका बाजूला हवी तेवढी कमी होते आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच जास्त होते, म्हणून फरक दुप्पट दिसतो.

तिसरं, फरकाला नवाने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे. ४५० च्या जागी ५४० लिहिलं की फरक ९०. शून्य घसरलं तरी असंच होतं: १,२५० च्या जागी १२५ लिहिलं तर फरक १,१२५, तोही नवाने जातो. कारण साधं आहे. दशमान पद्धतीत अंक एक घर सरकला की त्याची किंमत दहापट होते, आणि दहातून एक गेला की नऊ.

मागे एका हार्डवेअरवाल्याची वही आली होती. जमा बाजू ५,४०० ने जास्त. ५,४०० ला नवाने भागलं, ६०० आले, आणि मी खूश होऊन अदलाबदल शोधायला लागलो. ९,३०० च्या जागी ३,९०० असेल, ८,२०० च्या जागी २,८०० असेल. पूर्ण संध्याकाळ गेली. रात्री आठला मुलाने विचारलं, निम्मे करून बघितले का? निम्मे म्हणजे २,७००. पाच मिनिटांत सापडलं. ग्राहकाने रंगाचे डबे परत आणले होते, २,७०० चे. विक्री परत म्हणजे उत्पन्न घटलं, म्हणजे खातं नावे. कोणीतरी "परत आलं" हे "आलं" असं वाचून जमा बाजूला टाकलं होतं. नावे बाजू २,७०० ने कमी, जमा बाजू २,७०० ने जास्त, फरक ५,४००.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी पूर्ण रक्कम, मग निम्मी, मग नऊ. नवाचा नियम नऊपैकी एका आकड्याला तसाही योगायोगाने लागू पडतो, म्हणून तो शेवटी. आणि दोन वेगवेगळ्या चुका असतील तर यातला एकही नियम चालत नाही. मग तेरीज महिनावार मांडायची. मार्चअखेरची जुळत नाही, तर सप्टेंबरअखेरची जुळते का? जुळत असेल तर चूक ऑक्टोबरनंतरची. अर्धं वर्ष एका फटक्यात वगळलं जातं, मग उरलेल्याचं पुन्हा अर्धं.

तिसरी तपासणी: एक एप्रिलची पहिली ओळ

टॅलीसारख्या प्रणालीत वरच्या बऱ्याच चुका होऊच शकत नाहीत. व्हाउचरची नावे आणि जमा रक्कम सारखी नसेल तर ते जतनच होत नाही. मग `Difference in opening balances` कुठून येतं? नावाप्रमाणेच, सुरुवातीच्या शिल्लकांमधून. खातं उघडताना शिल्लक एकेकट्या खात्यावर लिहिली जाते आणि तिला जोडीदार लागत नाही. दुहेरी नोंदीच्या कुंपणात हीच एक उघडी जागा आहे.

मागच्या वर्षाचा सही केलेला ताळेबंद समोर घ्या आणि एकेक ओळ टिकमार्क करत तपासा. सगळ्यात नेहमीची चूक भांडवलाची. उदाहरण असं: गेल्या वर्षी सुरुवातीचं भांडवल ५,००,०००, वर्षाचा नफा १,८६,०००, मालकाची उचल १,२०,०००. म्हणजे वर्षअखेरीचं भांडवल ५,६६,०००. नव्या फाइलमध्ये मालमत्ता आणि देणी मार्चअखेरची घातली, पण भांडवल मात्र जुनंच ५,००,०००. फरक ६६,०००. नफा वजा उचल इतकाच फरक दिसला की दुसरीकडे बघायचं कारण नाही.

हा फरक मिटवायला एखादं खातं उघडून तिथे ६६,००० टाकणारे मी पाहिले आहेत. ओळ नाहीशी होते, चूक तिथेच राहते आणि पुढच्या एप्रिलला तिला अजून एक चूक येऊन चिकटते. असं खातं, म्हणजे सस्पेन्स खातं, दोन दिवसांसाठी ठीक. त्याला ताळेबंदात नेऊ नका.

चौथी तपासणी: रोख आणि बँक

रोख शिल्लक उणे दिसते ती तारीख शोधा. बहुतेकदा त्याच्या आसपास मालकाने स्वतःच्या खिशातून सुताराला किंवा रंगाऱ्याला पैसे दिलेले असतात. खर्च लिहिला, पण ते पैसे धंद्यात आले हे लिहिलं नाही. तेव्हा आधी भांडवलाची नोंद: रोख नावे, भांडवल जमा. नंतर खर्च. दुसरं कारण तारखेचं: बँकेतून काढलेली रोख पाचला लिहिली आणि त्यातून झालेला खर्च तीनला.

बँकेची जुळवणी करताना एक प्रश्न मला प्रत्येक हंगामात एकदा तरी ऐकू येतो. मांद्र्याच्या त्या जोडप्यासारखंच घर चालवणाऱ्या एका बाईंनी पासबुक उघडून माझ्यासमोर धरलं होतं. "अहो, बँक इथे जमा म्हणते. तुम्ही नावे का लिहिता? कोणीतरी एक चुकतंय."

कोणीच चुकत नाही. पासबुक ही बँकेची वही आहे, तुमची नाही. तुम्ही ठेवलेले पैसे बँकेच्या दृष्टीने देणं आहे, ते वाढलं म्हणजे तिच्या वहीत जमा. तेच पैसे तुमची मालमत्ता आहे, वाढली म्हणजे तुमच्या वहीत नावे. एकाच १८,००० ला दोन वह्यांत दोन बाजू. ज्याने पासबुक बघून तसंच्या तसं उतरवलं, त्याचं अख्खं बँक खातं उलटं झालेलं असतं. अशा वहीत बँकेची शिल्लक जमा बाजूला येते, म्हणजे ओव्हरड्राफ्ट नसतानाही असल्यासारखी. ते दिसलं की ओळखा.

पाचवी तपासणी: जुळलं आहे, पण खरं आहे का

इथपर्यंतचं काम कोणीही शांतपणे बसून करू शकतो. आता जी चूक सांगतो ती तेरजेला दिसतच नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच असतात. दुहेरी नोंद एवढंच बघते की नावे तेवढं जमा आहे. रक्कम योग्य खोलीत गेली की शेजारच्या, हे तिला कळत नाही. त्यासाठी समीकरणाकडे परत यावं लागतं आणि प्रत्येक संशयित नोंदीला विचारावं लागतं: यात मालमत्ता, देणी आणि भांडवल यांतलं काय खरोखर हललं?

किनाऱ्यावर सगळ्यात जास्त होणारी चूक आगाऊ रकमेची. पुण्याच्या त्या कुटुंबाचे १२,००० मार्चमध्ये आले. लिहिणाऱ्याने लिहिलं: बँक नावे, खोलीभाडं जमा. मे महिन्यात बिल फाडलं ३०,००० चं, तेव्हा पाहुण्याच्या नावे ३०,००० आणि खोलीभाडं जमा ३०,०००. मग आले १८,०००: बँक नावे, पाहुणा जमा. तिन्ही नोंदी स्वतंत्रपणे जुळतात. पण एकत्र बघा. बँकेत ३०,००० आले, पाहुण्याकडे १२,००० येणं उरलं, आणि उत्पन्न झालं ४२,०००. ३०,००० च्या मुक्कामावर ४२,००० उत्पन्न! मालमत्तेत १२,००० चं भूत आणि भांडवलात तेवढंच. दोन भुतं एकमेकांना तोलून धरतात, म्हणून ताळेबंद सरळ उभा राहतो.

ओळखायची खूण: उधारीची यादी काढा आणि नावं वाचा. शेजारच्या हॉटेलकडची उधारी असेल, तर ठीक. पण घरी परतलेल्या पाहुण्यांची नावं तिथे असतील, आणि रक्कम नेमकी त्यांनी पाठवलेल्या आगाऊएवढी असेल, तर तुमच्याकडे हीच चूक आहे. मी एका वहीत अशी अकरा नावं मोजली होती. मालक तर म्हणाला, "त्यांना फोन करून मागू का?"

बरोबर पद्धत अशी. पैसे आले त्या दिवशी: बँक नावे १२,०००, पाहुण्यांची आगाऊ रक्कम जमा १२,०००. ते खातं देण्यांत. मुक्काम झाला त्या दिवशी: आगाऊ रक्कम नावे १२,०००, बँक नावे १८,०००, खोलीभाडं जमा ३०,०००. चुकीची नोंद आधीच झाली असेल आणि सगळं एकाच आर्थिक वर्षातलं असेल, तर एक ओळ पुरते: खोलीभाडं नावे १२,०००, त्या पाहुण्याचं खातं जमा १२,०००. उत्पन्न ३०,००० वर येतं, येणं शून्य होतं. आपल्या उदाहरणात मात्र आगाऊ मार्चचं आणि मुक्काम मेचा, म्हणजे मध्ये वर्ष बदललं. त्याबद्दल पुढे.

हा गोंधळ जीएसटी भरणाऱ्यांकडे जास्त होतो, आणि त्याला कारण आहे. सेवेसाठी आगाऊ पैसे घेतले की त्यावरचा कर तेव्हाच लागू होतो, मुक्कामाची वाट बघत नाही. कर भरला म्हणजे उत्पन्न झालंच असणार, असं माणसाला वाटतं. कराची वेळ आणि उत्पन्नाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी चूक हप्त्याची. महिन्याला १०,००० जातात, लिहिणारा सरळ "कर्ज हप्ता" नावाचं खर्चखातं उघडून तिथे टाकतो. वर्षभरात १,२०,००० खर्च पडतो आणि कर्ज मात्र वहीत ३,००,००० च राहतं. बँकेचा उतारा बारा हप्त्यांनंतर सुमारे २,०५,७५८ दाखवेल. म्हणजे १,२०,००० पैकी व्याज फक्त २५,७५८ आणि मुद्दल ९४,२४२. नफा ९४,२४२ ने कमी दाखवला आणि देणं तेवढंच जास्त. दोन्ही समीकरणाच्या उजव्या बाजूला, म्हणून ताळेबंदाची बेरीज जराही हलत नाही. काही जण उलट करतात, पूर्ण हप्ता कर्जावर टाकतात. मग कर्ज खऱ्यापेक्षा कमी दिसतं आणि नफा व्याजाएवढा फुगतो.

उपाय एकच: मार्चअखेरचा कर्जखात्याचा उतारा बँकेतून मागवा. त्यात व्याज वेगळं दिलेलं असतं. वहीतली शिल्लक त्याच्याशी रुपयापर्यंत जुळवा. मी स्वतः व्याजाचं गणित मांडत बसत नाही; हप्ता एक-दोन दिवस उशिरा गेला तरी आकडा थोडा बदलतो.

तिसरी उचल. चवथीचे १५,०००, मुलाची फी, घरचा गॅस. हे खर्चात टाकलं तर नफा कमी दिसतो. भांडवल शेवटी तेवढंच येतं, कारण उचल असो की खर्च, दोन्ही भांडवलातूनच जातात. म्हणूनच ही चूक ताळेबंदात कुठेच दिसत नाही, फक्त नफ्यात दिसते. खर्चाच्या खात्यांत "इतर" किंवा "किरकोळ" असं खातं फुगलेलं असेल तर ते उघडून एकेक ओळ वाचा. माझ्या अनुभवात घर तिथेच लपलेलं असतं.

इथे थांबा

काही ठिकाणी स्वतः हात घालू नका.

चूक अशा वर्षाची आहे ज्याचं आयकर विवरणपत्र भरून झालं आहे, तर वही उघडून जुनी नोंद बदलू नका. आगाऊ मार्चमध्ये उत्पन्न म्हणून गेलं आणि मुक्काम मेमध्ये झाला, हे प्रकरण बरोबर याच जागी येतं. दुरुस्ती कोणत्या वर्षात आणि कशी दाखवायची, हे चार्टर्ड अकाउंटंटने ठरवायचं. जीएसटीचं विवरणपत्र चुकीच्या विक्रीवर भरलं असेल तरीही तेच.

ताळेबंद कर्जासाठी बँकेत दिला असेल, तर तो बदलण्याआधी बोला.

भागीदारी असेल आणि फरक भागीदारांच्या भांडवलखात्यांत असेल, तर तो आकड्यांचा प्रश्न राहत नाही.

आणि हे खास गोव्याचं. इथल्या नागरी कायद्यात लग्नानंतर बहुतेक जोडप्यांची संपत्ती सामाईक असते, म्हणून धंद्याचं उत्पन्न पती-पत्नीमध्ये अर्धं-अर्धं वाटून दाखवावं लागतं. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम ५ए होतं; त्या कायद्याच्या जागी एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा आला. पगार या वाटणीत येत नाही. ही वाटणी विवरणपत्रातली आहे. ती वाचून कोणी धंद्याच्या वहीत अर्धा नफा "पत्नीला देणं" म्हणून देण्यांत टाकतो, आणि भांडवल एका झटक्यात निम्म्यावर येतं. असं केलेलं असेल तर परत फिरवण्याआधी विचारा, कारण त्या आकड्यावर पुढे दोघांची विवरणपत्रं उभी असतात.

जाताना हे बरोबर न्या: मागच्या वर्षाचा सही केलेला ताळेबंद, बँकेचा एक एप्रिल ते एकतीस मार्चचा पूर्ण उतारा, कर्जखात्याचा वेगळा उतारा, उधारीची नावनिशीवार यादी, आणि फाइलची तुम्ही दुरुस्त्या सुरू करण्याआधीची प्रत. ही शेवटची लोक विसरतात. मग आम्ही मूळ चूक शोधण्याआधी दोन दिवस तुमच्या दुरुस्त्या शोधत बसतो, आणि बिल त्याचंही लागतं.